भाभींचा एक टक्का

कारखान्याच्या बिल सेक्शनमध्ये मी इतकी वर्षं काढली की आता कोणी भाजीचा भाव सांगितला तरी माझं मन आधी विचारतं, यातून कापायचं किती? हा आजार आहे. नवऱ्याला तो माहीत आहे, मुलीला माहीत आहे, आणि दोघांनीही त्याची थट्टा करणं आता सोडून दिलंय, म्हणजे तो बरा होणार नाही हे घरात सर्वांनी मान्य केलंय.

काम तसं सोपं. कंत्राटदाराचं बिल येतं. त्यात कामाची मूळ रक्कम असते, जीएसटी वेगळा दाखवलेला असतो. मूळ रकमेवर उगमस्थानी आयकर कापायचा, ज्याला सगळे टीडीएस म्हणतात. कंत्राटदार एकटा माणूस असेल तर एक टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर दोन. कोण आहे ते पॅन नंबरचं चौथं अक्षर सांगतं. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत सरकारात भरायची आणि उरेल ती निव्वळ रक्कम कंत्राटदाराच्या खात्यात. खिडकीशी येणाऱ्या माणसाला यातली फक्त शेवटची ओळ दिसते. मग तो माझ्याकडे असा बघतो की जणू ते पैसे मी पदरात बांधून घरी नेले. ते पैसे त्याच्याच नावावर जमा होतात, रिटर्न भरलं की हिशोबात धरले जातात, जास्त झाले असतील तर परत मिळतात, हे मी किती जणांना सांगितलं असेल! शेवटी शेवटी मी सांगताना खिडकीबाहेरच्या निलगिरीच्या झाडाकडे बघत असे.

आणि एवढं करून संध्याकाळी क्लब.

टाउनशिपच्या क्लबची खजिनदारी माझ्या गळ्यात कशी पडली ते सांगण्यासारखं नाही. आधीच्या खजिनदारांची बदली झाली, सभेत नवीन नाव सुचवायची वेळ आली, तेव्हा सगळे इंजिनिअर एकदम आपापल्या नखांकडे बघायला लागले. मग सचिव साहेब म्हणाले, "अहो, मॅडम आहेत की! त्या फायनान्समध्येच आहेत." टाळ्या वाजल्या. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. तेव्हा भोपाळचं हबीबगंज स्टेशन अजून राणी कमलापती झालं नव्हतं, हबीबगंजच होतं आणि माझे गुडघे बऱ्यापैकी चालत होते.

सचिव साहेब मूळचे पुण्याचे, टर्बाइन विभागात मोठ्या हुद्द्यावर, आणि मनानं फार चांगले. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे जे झालं ते त्यांच्या चांगुलपणामुळेच झालं. वाईट माणसांशी भांडता येतं. चांगल्या माणसांपुढे माझी अर्धी ताकद नुसती "तसं नाही हो" म्हणण्यात जाते.

क्लबच्या मागच्या बाजूला स्वयंपाकघर होतं आणि महिन्याचं जेवण, सणांची जेवणं, निरोपसमारंभ, सगळ्याचा स्वयंपाक भाभी करायच्या. त्या राहायच्या अयोध्या नगरात. सासरे कोणे एके काळी सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आलेले. भाभींचा जन्म इथलाच, त्यामुळे त्यांची मराठी निम्मी हिंदी, पण सासूच्या हाताखाली शिकल्यानं हात मात्र अस्सल वऱ्हाडी. वडाभात करायच्या तो पुण्याचे सचिव साहेबही दोनदा वाढून घ्यायचे, आणि दाल-बाफल्यांच्या दिवशी तर रांगेत धक्काबुक्की व्हायची. टाउनशिपमध्ये सगळे त्यांना भाभी म्हणत, मीही. त्या मला ताई म्हणायच्या.

हिशोब हातात आले तेव्हा मला एक गंमत दिसली. क्लबकडून भाभींना वर्षाला अडीच-तीन लाखांचं काम मिळत होतं, पण भाभींच्या नावाची बिलं त्यातली जेमतेम एक तृतीयांश. उरलेली कधी नवऱ्याच्या नावानं, कधी दिरांच्या. कुठलंही बिल तीस हजारांच्या वर नाही आणि कुठल्याही नावाची वर्षाची बेरीज लाखाच्या वर नाही. कारण नियमच तसा होता. एक बिल तीस हजारांच्या वर गेलं किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या पुढे गेली की टीडीएस कापायचा. क्लब नोंदणी झालेली संस्था असल्यानं त्यालाही तो लागू होता. सचिव साहेबांनी यातून ही वाट काढली होती आणि त्यांना तिचा भारी अभिमान होता.

"इतकी वर्षं आपण भाभींचा एक रुपया कापू दिलेला नाही, मॅडम," ते मला म्हणाले. "गरीब बाई आहे. शंभराचे शंभर घरी नेते."

"साहेब, एक टक्का आहे तो. आणि त्यांना परत मिळेल."

"रिटर्न कोण भरणार? ती?"

"मी भरून देईन."

ते हसले. नकाराचं हसू होतं ते. मी फक्त एवढंच केलं, भाभींना सांगितलं की स्वयंपाक तुम्ही करता, तर बिल तुमच्याच नावानं आणा. मला वाटलं, सोपी गोष्ट आहे.

एप्रिलचं बिल चोवीस हजारांचं आलं, मेचं सव्वीस, जूनचं बावीस. तिन्ही तीस हजारांच्या खालची, बेरीज लाखाच्या आत, काही कापलं नाही. जुलैचं बिल एकोणतीस हजारांचं. तेही तिसांच्या आतच. पण बेरीज झाली एक लाख एक हजार. आणि लाखाची रेघ ओलांडली की कर फक्त शेवटच्या बिलावर नाही, वर्षभराच्या सगळ्या रकमेवर लागतो. म्हणजे एक लाख एक हजारावर एक टक्का, एक हजार दहा रुपये, आणि ते सगळे त्या एकाच बिलातून. एकोणतीस हजारांतून एक हजार दहा गेले. निव्वळ सत्तावीस हजार नऊशे नव्वद.

दुसऱ्या दिवशी भाभी क्लबच्या त्या छोट्या ऑफिसात आल्या. हाताला पीठ तसंच.

"ताई, हे काय गडबड झाली? हजार रुपये काहून कापले?"

मी सांगितलं. चारही बिलांची बेरीज करून दाखवली. त्या ऐकत होत्या, पण ऐकू काही येत नव्हतं.

"म्हणजे मागच्या तीन बिलांचं आता वसूल करून राहिल्या तुम्ही? तेव्हा तर छोडून दिलं होतं ना?"

"सोडलं नव्हतं भाभी. तेव्हा लाख झाले नव्हते."

"लाख!" त्या म्हणाल्या. "भांडी धुणाऱ्या बायांना देऊन, गॅस, किराणा, सगळं काढून माझ्या हातात काय बचतं, ते माहीत आहे तुम्हाला? तुमचे लाख तुमच्याच कागदावर आहेत."

ते खरं होतं. आयकर खात्याला त्यांच्या हातात काय उरतं याच्याशी या टप्प्यावर देणंघेणं नसतं. कपात बिलावर होते, नफ्यावर नाही. नफ्याचा हिशोब पुढे रिटर्नमध्ये. मी ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवशी सकाळपासून कारखान्यात चाळीसेक जणांना मी हेच सांगितलं होतं आणि माझ्या आवाजाचा मलाच कंटाळा आला होता.

त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. जेवणाच्या दिवशी माझ्या ताटात वाढायच्या, पण "अजून घ्या ना ताई" बंद. मला त्याचं खूप वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचा रागही आला. मी काय चुकीचं केलं होतं?

कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत सचिव साहेबांनी विषय काढला. भाभींची इथून पुढची बिलं पूर्वीसारखीच त्यांच्या घरच्या दोघांच्या नावानं घ्यावीत. दोघांचे पॅन होते, खाती होती, दोघं भांडी उचलायला, भाजी आणायला येतही होते. कागदावर चूक काढायला जागा नव्हती. मी एकटीनं विरोध केला. कोणीतरी मागून म्हणालं, "मॅडम कारखान्याची कात्री इकडेही घेऊन आल्यात." सगळे हसले. मीही हसले, कारण तोपर्यंत साडेसात वाजले होते आणि घरी कणीक भिजवायची होती.

नोव्हेंबरात त्या एक हजार दहा रुपयांचं प्रमाणपत्र तयार झालं. वर रक्कम एक लाख एक हजार, खाली कापलेला कर, भाभींचं नाव, पॅन. मी ते त्यांना दिलं. त्यांनी ते न बघता घडी करून पिशवीत, कोथिंबिरीच्या जुडीखाली टाकलं.

पुढच्या मे महिन्यात कारखान्यानं ट्रेनी हॉस्टेलच्या मेसचं टेंडर काढलं. दोन वर्षांचं काम, रोजचं दोन वेळचं जेवण. भाभींचा नवरा ज्या छोट्या कारखान्यात होता तो त्या उन्हाळ्यात बंद पडला होता आणि क्लबचं काम महिन्यातून दोन-तीन वेळचं. त्यामुळे या मेसवर त्यांचा सगळा जीव लागला होता. इतक्या दिवसांनी त्या माझ्या घरी आल्या, हातात टेंडरचे कागद, आणि अबोला विसरून म्हणाल्या, "ताई, हे वाचून द्या. मला मिळेल ना?"

मी वाचलं. अनुभवाची अट होती. मागच्या तीन आर्थिक वर्षांपैकी कुठल्याही एका वर्षात किमान दोन लाखांचं असंच काम केलेलं असावं. काम सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमाचं नसेल तर पुराव्यादाखल टीडीएसचं प्रमाणपत्र जोडावं, निव्वळ पत्र चालणार नाही. कारण उघड होतं. अनुभवाचं पत्र कोणीही मेहुण्याकडून लिहून आणतो. पण कापलेला कर सरकारात जमा झालेला असतो आणि तो किती रकमेवर कापला ते प्रमाणपत्रावर छापलेलं असतं. आपला क्लब टाउनशिपमधला असला तरी कागदोपत्री खाजगी संस्थाच होता.

मी मनात बेरीज केली. गेल्या वर्षी भाभींनी क्लबसाठी दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजारांचं काम केलं होतं. अट दोन लाखांची. त्यांच्या नावावर एक लाख एक हजार. शहाऐंशी हजार नवऱ्याच्या नावावर, एक्क्याण्णव दिरांच्या. त्याआधीच्या वर्षांत त्यांच्या नावावर कापलेला एक रुपया नाही, म्हणजे पुरावाही नाही. आम्ही सगळे इतकी वर्षं बोटं चाटून जेवलो, आणि ते जेवण त्यांनी केलं होतं याचा कागद फक्त चार महिन्यांचा.

मला ते त्यांना सांगायचं होतं. पाणी आणायच्या निमित्तानं मी आत गेले आणि ओट्याशी उगीच उभी राहिले.

त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण सगळ्यांना माहीत आहे ना, मीच बनवते?"

"माहीत आहे."

"तुम्ही खाल्लं आहे."

"हो भाभी."

सचिव साहेबांना कळलं तेव्हा ते खरोखर हादरले. त्याच दिवशी क्लबच्या लेटरहेडवर त्यांनी दोन पानी पत्र लिहिलं, वडाभातासकट. स्वतः टेंडर विभागात घेऊन गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं त्यांना चहा पाजला आणि पत्र परत दिलं. मग ते माझ्या टेबलाशी आले. खुर्ची असून बसले नाहीत.

"मॅडम, टीडीएसचं तिमाहीचं विवरणपत्र सुधारता येतं ना? मला सांगा, तुम्ही रोज करता."

"चूक झाली असेल तर येतं."

"मग चूकच झाली समजा. त्या दोघांच्या नावची बिलं तिच्या नावावर दाखवा. कर मी माझ्या खिशातून भरतो. व्याजही भरतो."

"पैसे त्या दोघांच्या खात्यात गेलेत, साहेब. बिलांवर सह्या त्यांच्या आहेत. पैसे त्यांना आणि कर भाभींच्या नावावर, असं कसं दाखवू? ती सुधारणा नाही, ते खोटं आहे. आणि उद्या कोणी बँकेचा उतारा मागितला तर फसवणुकीचा ठपका भाभींवरच येईल. मग हेच काय, कुठलंच टेंडर त्यांना भरता येणार नाही."

"एवढ्याशा गोष्टीसाठी..." ते म्हणाले आणि थांबले. एवढीशी गोष्ट कोणती, ते त्यांचं त्यांनाच कळलं असावं. तिन्ही नावांचा मिळून वर्षाचा कर तीन हजारांच्या आतला होता. तेवढा वाचवला होता आम्ही.

भाभी दारात उभ्या होत्या. साहेबांबरोबरच आल्या होत्या, मला दिसल्या नव्हत्या. "ताई," त्या म्हणाल्या, "एकदा करून पाहा ना." बस, एवढंच. मी नाही म्हटलं. आयुष्यात मी हजारो बिलं परत पाठवली असतील, कंत्राटदारांच्या शिव्या खाल्ल्या असतील, पण तेवढं एक नाही म्हणताना मला माझ्या कामाची शिसारी आली. नियम बरोबर होता, मी बरोबर होते, आणि त्याचा कोणालाच काडीचा उपयोग नव्हता.

टेंडर बाहेरच्या एका भागीदारी फर्मला मिळालं. त्यांच्याकडे प्रमाणपत्रांचा गठ्ठा होता. महिन्याभरानं मेसचं पहिलं बिल माझ्याच टेबलावर आलं. पॅनचं चौथं अक्षर एफ, म्हणजे फर्म. मूळ रकमेवर दोन टक्के आयकर, जीएसटीच्या टीडीएसचे आणखी दोन टक्के, अनामत, निव्वळ. बरोबर होतं, पास केलं. दुपारी हॉस्टेलची एक मुलगी कसल्या तरी फॉर्मवर सही घ्यायला आली होती. मी सहज विचारलं, मेसचं जेवण कसं आहे?

"एकदम घर जैसा, मॅडम. एक भाभी आहेत, त्या बनवतात."

फर्मनं भाभींना रोजंदारीवर ठेवलं होतं. मी ते बिल पुन्हा काढून पाहिलं. त्यात त्यांचं नाव असायचं काही कारणच नव्हतं, तरी पाहिलं.

क्लबची जेवणं त्यांनी सोडली नाहीत. मेसला सुट्टी असेल त्या दिवशी यायच्या. त्या दिवाळीच्या स्नेहभोजनानंतर त्या माझ्याकडे बिल घेऊन आल्या. चौसष्ट हजारांचं, सलग एकच, त्यांच्याच नावानं. सचिव साहेब बाजूलाच बसले होते. बिलाखाली भाभींनी स्वतःच्या अक्षरात कपातीची ओळ लिहिली होती, टीडीएस एक हजार दोनशे ऐंशी, आणि त्याखाली निव्वळ बासष्ट हजार सातशे वीस. आपल्या मुलीकडून कॅल्क्युलेटरवर करून घेतलं असणार.

"भाभी, तुम्ही दोन टक्के कापलेत. तुम्हाला एकच लागतो." मी खोडून सहाशे चाळीस लिहिलं. निव्वळ त्रेसष्ट हजार तीनशे साठ.

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. एवढ्या वर्षांत निव्वळ रक्कम वाढवून दिल्यावर कोणाचा चेहरा पडलेला मी पाहिला नव्हता.

"राहू द्या ना दोन," त्या म्हणाल्या. "त्या मेसवाल्यांचे दोन कटतात. मी विचारलं त्यांना."

"ते फर्म आहेत म्हणून. जास्त कापल्यानं काही होत नाही भाभी. टेंडरला प्रमाणपत्रावर किती रकमेवर कापलं तेच बघतात."

त्यांनी बिल हातात घेतलं, माझं खोडलेलं नीट पाहिलं, आणि बोट वर चौसष्ट हजारांवर नेऊन ठेवलं.

"मग हे सगळं येईल ना? पूरं? माझ्या नावावर?"

"येईल."

"पक्कं?"

"पक्कं, भाभी."

"मग कापा," त्या म्हणाल्या, आणि मी सही करेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.